नाडी म्हणजे माप नव्हे: परकर आणि साडी-शेपवेअर विकायचं असेल तर आधी दोन मापं घ्या



साडी, फॉल-पिको, मॅचिंग परकर असं छोटं दुकान टाकायचं म्हणणाऱ्या भगिनींशी बोललं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सर, परकराला काय साइज असते? नाडी आहे की! कुणालाही बसतो." आजचा लेख या एका वाक्याच्या विरोधात आहे. माझं मत सरळ आहे. नाडीमुळे परकर कुणालाही बांधता येतो, पण कुणालाही बसत नाही. बांधणं वेगळं आणि बसणं वेगळं. हा फरक ज्या दुकानात कळतो त्या दुकानातली साडी अंगावर चापून बसते, आणि बाई पुढच्या परकरासाठीही तिथेच येते.

डोळ्यांसमोर पूर्णा तालुक्यातलं ताडकळस ठेवू या. गाव मोठं, आजूबाजूच्या खेड्यांचा राबता, लग्नसराईत साड्यांची खरेदी जोरात. नवीन दुकान टाकणारी ताई परभणीला किंवा नांदेडला जाते, ठोक दुकानातून "मीडियम, लार्ज, एक्सेल द्या दहा-दहा" म्हणते आणि गठ्ठा घेऊन येते. सोबत हल्ली शेपवेअरही घेते, कारण मुली मोबाइलवर बघून विचारतात. इथपर्यंत ठीक आहे. पण त्या गठ्ठ्यातला कुठला नग कुठल्या बाईला द्यायचा, हे ठरवायला तिच्याजवळ काहीच नसतं. बाईकडे एक नजर टाकायची आणि नग हातात द्यायचा, एवढंच. इथेच धंदा गळायला लागतो.

दोन आकडे, आणि त्यांच्यातला फरक

परकराचं काम काय? साडी खोचायला कमरेला पक्का आधार द्यायचा आणि कमरेपासून खाली कापडाला गुळगुळीत उतार द्यायचा. म्हणजे माप दोन जागी लागतं: जिथे साडी बांधतात ती कंबर, आणि जिथे खालचा भाग सगळ्यात रुंद असतो ती सीट. शिंपी लोक सीट म्हणतात, पाकिटावर हिप लिहिलेलं असतं. गोष्ट एकच.

कंबर मोजताना बाईला एकच विचारा: "ताई, तुम्ही साडी कुठं बांधता?" कुणी बेंबीवर बांधते, कुणी दोन बोटं खाली. ती जिथे बोट ठेवेल तिथेच टेप फिरवायची. पंजाबी ड्रेसचं किंवा जीन्सचं कमरेचं माप इथे चालत नाही, कारण ती जागाच वेगळी असते. टेप आडवी सरळ ठेवा, बाईला पोट आत ओढू देऊ नका. मग तिला स्टुलावर बसवून तिथेच पुन्हा मोजा. बहुतेकींचं माप बसल्यावर इंच-दोन इंच वाढतं. साडी काही फक्त उभं राहायला नेसत नाहीत, त्यामुळे हा वाढलेला आकडाही लिहून ठेवा.

सीट मोजताना पाय जुळवून उभं राहायला सांगा. कमरेपासून साधारण सात ते नऊ इंच खाली टेप हळूहळू वरखाली सरकवा आणि सगळ्यात मोठा आकडा येईल तो घ्या. काही जणींचं पोट पुढे असतं, तेव्हा सगळ्यात मोठा घेर थोडा वरच मिळतो. मग तोच घ्यायचा. कापडाला तुमच्या शरीराच्या नकाशाशी देणंघेणं नसतं. घेर जिथे जास्त, तिथे ते अडकतं.

आता सीटमधून कंबर वजा करा. येणारा फरक हाच आपला तिसरा आकडा. माझ्या मते परकराच्या धंद्यात सगळ्यात कामाचा आकडा हाच आहे, आणि तोच कुणी लिहून ठेवत नाही.

एकच सीट, दोन बायका

उदाहरण घेऊ. तुमच्या दुकानात दोघी जणी आल्या. पहिलीची कंबर 30 इंच, सीट 40. दुसरीची कंबर 37 इंच, सीट 40. लांबून दोघी सारख्याच दिसतात. दुकानदार दोघींनाही एकच परकर देतो.

आता तो परकर टेबलावर पसरा. पाकिटावरच्या आकड्यावर जाऊ नका. काही माल बनवणारे तिथे लांबी लिहितात, काही कंबर लिहितात, काही नुसतं लार्ज लिहितात. नाडी पूर्ण सैल करा, नेफा सपाट पसरा, मोजा आणि दुप्पट करा. समजा 42 इंच आले. मग नेफ्यापासून आठ इंच खाली मोजून दुप्पट करा. समजा 48 आले.

हा परकर पहिलीनं बांधला तर 42 इंचाचा नेफा 30 वर आवळायचा आहे. म्हणजे 12 इंच जास्तीचं कापड नाडीवर गोळा होणार. नेफा मुळात दुपदरी, त्यात या चुण्या, त्यावर साडीचा पहिला वेढा, त्यावर निऱ्या. कमरेभोवती जणू दोरखंड बांधल्यासारखा जाड गोळा होतो. कॉटनची जाड साडी असेल तर थोडं झाकलं जातं. शिफॉन, जॉर्जेट, क्रेप असेल तर प्रत्येक चुणी बाहेरून मोजता येते. ही बाई घरी जाऊन आरशात बघते आणि म्हणते, "साडीच बरी नाही." दोष परकराचा, नाव साडीचं खराब.

दुसरीनं तोच परकर बांधला तर 42 वरून 37 वर यायचं आहे. फक्त पाच इंच कापड गोळा होतं, ते चहूकडे पसरवलं की कळतही नाही. तिला तो परकर छान बसला. म्हणजे परकर चांगला की वाईट हा प्रश्नच नाही. एकच परकर 3 इंच फरकवालीला चांगला आणि 10 इंच फरकवालीला वाईट.

मग पहिलीला काय द्यायचं? तिला नेफा 33-34 इंचाचा हवा आणि सीटजवळ 43-44 इंच हवेत. पॉपलिन ताणत नाही, त्यामुळे चालायला-बसायला सीटच्या मापावर तीन-चार इंच मोकळीक ठेवावीच लागते. आता कुणी म्हणेल, 34 चा नेफा 40 च्या सीटवरून वर जाणार कसा? त्यासाठीच बाजूला चीर असते. सात-आठ इंचांची चीर असेल तर नेफा उघडून परकर आरामात चढतो. ज्या परकराला चीर फार छोटी असते किंवा नसतेच, त्याचा नेफा सीटएवढा मोठा ठेवावाच लागतो, आणि मग चुण्या आल्याच. म्हणून माल घेताना रंग बघायच्या आधी चीर बघा.

हाच 34 इंची परकर दुसरीला दिला तर उलटी गंमत होते. तिची कंबर 37. नेफ्याची दोन टोकं भेटतच नाहीत, तीन इंचांची फट राहते, चीर तोंड वासून उघडी पडते आणि साडी तिथे आत दबते. दोघींची सीट एकच असूनही एकीचा परकर दुसरीला चालत नाही. कुठलीही "फ्री साइज" या दोघींना एकाच वेळी नीट बसू शकत नाही.

नाडी जास्त आवळायची नसते

आता जरा गंभीर मुद्दा, कारण हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही.

परकर सैल असला की तो खाली घसरतो. साडीचं आणि निऱ्यांचं सगळं वजन त्याला खाली ओढत असतं. नेफा जिथे शरीराच्या घेराला भेटेल तिथे जाऊन थांबतो. सकाळी बेंबीवर बांधलेला परकर दुपारी दोन बोटं खाली आलेला असतो आणि निऱ्या जमिनीला घासायला लागतात. यावर घरोघरी एकच उपाय: नाडी अजून आवळ. म्हणजे चुकीच्या मापाची सगळी भरपाई एका बारीक दोरीवर आणि तिच्याखालच्या कातडीवर टाकली जाते.

संध्याकाळी नाडी सोडल्यावर कमरेला पडलेला वळ कुठल्या घरात दिसत नाही? बहुतेक वेळा तो रात्रीत जातो. पण वर्षानुवर्षं त्याच जागी दाब, घाम आणि घर्षण होत राहिलं तर कातडी काळी पडते, खाजते, सोलवटते, क्वचित जखम होते. 2024 मध्ये वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या आणि बिहारच्या मधुबनी मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या वैद्यकीय नियतकालिकात अशा दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातल्या एका सत्तर वर्षांच्या बाईंच्या कमरेच्या उजव्या बाजूला दीड वर्ष न भरणारी जखम होती. त्या साडीखाली परकर घट्ट बांधत. दुसऱ्या बाई लुगडं नेसणाऱ्या होत्या. दोघींच्याही जखमेत त्वचेचा कर्करोग निघाला.

हे वाचून कुणी घाबरू नका, आणि दुकानात गिऱ्हाइकाला घाबरवूनही माल विकू नका. असे रुग्ण अत्यंत दुर्मिळ आहेत. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की दोष साडीचा नाही, परकराचाही नाही. रोज त्याच जागी पडणाऱ्या घट्ट दाबाचा आहे. त्यातल्या दुसऱ्या बाई तर परकर वापरतच नव्हत्या. म्हणून दुकानदारानं दोन गोष्टी कराव्यात. एक म्हणजे गोल बारीक नाडीऐवजी चपटी, रुंद नाडी असलेला माल घ्यावा, म्हणजे तोच दाब जास्त जागेवर वाटला जातो. दुसरी म्हणजे कमरेला जुनी खाज, काळा पट्टा किंवा न भरणारी जखम आहे असं कुणी बोलता बोलता सांगितलं, तर तिला परकर विकण्याआधी "डॉक्टरला दाखवा, तोवर सैल बांधा" एवढं आपुलकीनं सांगावं. या वाक्यानं एक विक्री कदाचित जाईल. पण बाई तुमचं नाव विसरणार नाही.

आणि मूळ मुद्दा पुन्हा तोच. नेफा कमरेच्या मापाला जवळ असेल तर नाडी आवळावी लागतच नाही. नाडी बांधल्यावर नेफ्यात एक बोट सहज जायला हवं आणि तरीही परकर खाली येता कामा नये. दोन्ही एकदम जमत नसेल तर माप चुकलं, असं समजा.

शेपवेअरला वेगळा हिशेब लागतो

साडी-शेपवेअर म्हणजे ताणणाऱ्या कापडाचा, अंगाला चिकटून बसणारा, खाली चीर असलेला परकरच. त्यात चुण्या नसतात, म्हणून पातळ साडी त्यावर फार सुंदर उतरते. पण परकराचा हिशेब इथे लावला तर गणित चुकतं. परकर शरीरापेक्षा मोठा असावा लागतो, शेपवेअर टेबलावर शरीरापेक्षा लहान दिसतं आणि अंगावर ताणून बसतं. टेबलावर 34 इंच भरणारा नग 40 च्या सीटसाठी बनवलेला असू शकतो. त्यामुळे इथे टेबलावरचं माप नाही, बनवणाऱ्याचा तक्ता बघायचा. ज्या मालासोबत कंबर आणि हिप असे दोन्ही आकडे असलेला तक्ता नाही, तो माल उचलूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. नुसतं "28 ते 40 कमरेला बसेल" लिहिलेलं असेल तर तो नग कुणालाच नीट बसणार नाही.

आता आपल्या त्याच दोघी. समजा तक्ता असा आहे: लार्ज म्हणजे कंबर 32 ते 34, हिप 40 ते 42. एक्सेल म्हणजे कंबर 35 ते 37, हिप 43 ते 45. पहिलीची सीट 40, म्हणजे लार्ज. कंबर 30, म्हणजे खरं तर एक नंबर खाली. तिला लार्जच द्या. कमरेचे दोन इंच नाडीवर सहज निघतात. दुसरीची सीट लार्जमध्ये बसते पण कंबर 37 एक्सेलमध्ये जाते. तिला एक्सेल द्या. सीटला थोडं कमी आवळेल, पण वरचा पट्टा गुंडाळणार नाही. नियम एकच: दोन मापांपैकी जे मोठ्या साइजकडे नेतं, ते माप जिंकतं. मधल्या मापाला नेहमी वरची साइज.

गिऱ्हाईक मात्र उलटं मागतं. "अजून बारीक दिसायला एक नंबर लहान द्या." इथे तुमची खरी परीक्षा. लहान साइजनं बाई बारीक होत नाही. दाबलेला भाग कुठेतरी जातोच, आणि तो पट्ट्याच्या वर जातो. ड्रेसखाली तो लपला असता. साडीत नेमकी तीच जागा, ब्लाउज आणि साडी यांच्यामधली, उघडी असते. शिवाय बसलं की पट्टा पोटावर घडी पडून गुंडाळतो, साडीचं खोचलेलं टोक सुटतं, मांडीवर शिवणीची रेघ उमटते. साडी गुळगुळीत दिसावी म्हणून घेतलेली वस्तूच साडीवर वळ्या पाडते. म्हणून विकताना "स्लिम करतं" हा शब्द वापरू नका. "साडी सपाट बसते" एवढंच सांगा, ते खरं आहे.

साइज मोठी झाली तरी कळतं. सीटच्या खाली मागच्या बाजूला आडवी पिशवी पडते, आणि पाच-दहा पावलं चाललं की पट्टा सरकतो.

शेपवेअरची परीक्षा चालून आणि बसून घ्या

उभं राहून सगळंच छान दिसतं. म्हणून प्रत्येक साइजचा एक नग फक्त घालून बघायला बाजूला ठेवा. लेगिंग्जवरून घालून बघायला सांगा. वापरलेलं शेपवेअर परत घेणं स्वच्छतेच्या दृष्टीनं अवघड असतं, त्यामुळे विकल्यानंतरच्या वादापेक्षा हा एक नग स्वस्त पडतो.

घातल्यावर तिला तीन गोष्टी करायला लावा. आधी दुकानाची पायरी चढू द्या. गुडघा अडखळला तर चीर आखूड आहे किंवा मांडीला साइज कमी पडते. मग स्टुलावर बसू द्या आणि पट्टा गुंडाळतो का बघा. शेवटी खाली बसू द्या. आपल्याकडे हळदीकुंकू, लग्नातली पंगत, देवाचं काही, सगळीकडे जमिनीवर बसायची वेळ येते. बहुतेक शेपवेअरमध्ये मांडी घालता येत नाही, पाय एका बाजूला घेऊन बसावं लागतं. हे घरी गेल्यावर कळण्यापेक्षा दुकानात कळलेलं बरं. ज्या बाईला दिवसभर खाली बसून काम आहे, तिला शेपवेअर विकूच नका. तिला नीट मापाचा सहा कळ्यांचा परकर द्या.

अजून एक. जड साडी, म्हणजे पैठणी किंवा भरजरी काठाची, नुसत्या इलॅस्टिकवर टिकत नाही. गुळगुळीत नायलॉनवरून खोचलेलं टोक निसटतं आणि वजनानं इलॅस्टिक खाली येतं. त्यासाठी आत नाडी असलेलंच शेपवेअर हवं. आणि आपल्या परभणी भागात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पार जातो. दिवसभराच्या लग्नाला ताणणारं सिंथेटिक कापड म्हणजे घामोळ्यांना आमंत्रण. उन्हाळ्यात रोजच्या वापराला कॉटनचा परकर, शेपवेअर दोन-चार तासांच्या कार्यक्रमाला, असं मी सांगतो.

मग माल कसा भरायचा?

माझा आग्रह असा आहे: मीडियम, लार्ज, एक्सेल, डबल एक्सेल ही शिडी परकरापुरती विसरा. आधी एक वही करा. पहिल्या महिन्यात फॉल-पिकोला, ब्लाउजच्या मापाला, ज्या कारणानं बायका येतील त्यांची परवानगी घेऊन फक्त तीन आकडे लिहा: कंबर, सीट, आणि साडी बांधतात तिथपासून घोट्यापर्यंतची लांबी. नाव लिहायची गरज नाही. माप पडद्याआड, आणि बाईनंच घ्यावं. दुकानदार पुरुष असेल तर घरातल्या बाईनं घ्यावं, किंवा गिऱ्हाइकाच्या हातात टेप देऊन तिलाच मोजू द्यावं.

तीस-चाळीस नोंदी झाल्या की वही बोलायला लागते. सीटचे आकडे तीन गटांत वाटा, आणि प्रत्येक गटात फरक सात इंच किंवा जास्त असलेल्या आणि सात इंचांपेक्षा कमी असलेल्या अशा दोन रांगा करा. झाले सहा खण. ज्या खणात जास्त नोंदी, तिथे जास्त नग. एखाद्या खणात दोनच नोंदी असतील तर तिथे माल भरू नका, मागणी आली की शिवून द्या. गावातल्या मोठ्या वयाच्या अनेक जणी नऊवारी नेसतात, त्यांना परकर लागतच नाही. वहीमुळे हेही कळतं की गिऱ्हाईक समजून आपण किती जणी उगाच मोजत होतो.

ठोक बाजारात मोठ्या फरकाचे, म्हणजे अरुंद नेफ्याचे परकर सहज मिळत नाहीत. इथेच ताडकळसच्या ताईला शहरातल्या दुकानापेक्षा पुढे जाता येतं, कारण तिच्याकडे शिलाई मशीन आहे. आपल्या पहिल्या गिऱ्हाइकाचा 42 चा नेफा 34 वर आणायचा आहे. म्हणजे आठ इंच कमी करायचे. नेफा उसवा. सहा कळ्यांच्या सहा शिवणी असतात. प्रत्येक शिवणीत वरच्या टोकाला एक इंच आणि एक तृतीयांश एवढं कापड आत घ्या आणि सात-आठ इंच खाली येईपर्यंत ते शून्यावर आणा. म्हणजे सीटजवळचा घेर तसाच राहतो, फक्त वरचा भाग कमी होतो. बाजूची चीर सात-आठ इंचांपेक्षा छोटी असेल तर वाढवा, नाहीतर परकर सीटवरून चढणार नाही. नेफा परत शिवा, चपटी नाडी घाला. सगळं कापड एकाच शिवणीतून कमी करू नका, नाहीतर परकर एका बाजूला ओढला जातो आणि निऱ्या तिरक्या पडतात.

या कामाचे वेगळे पैसे घ्या आणि पावतीवर लिहा. "मापाचा परकर" म्हणून विका. गिऱ्हाइकाला दर सांगताना दोन्ही परकर शेजारी ठेवा आणि तिच्याच साडीचं टोक दोन्हींवर खोचून दाखवा. कुठे गोळा येतो आणि कुठे सपाट बसतं, हे तिला स्वतःला दिसलं की भावावर घासाघीस आपोआप कमी होते.

एक मर्यादाही सांगतो. बाळंतपणानंतर किंवा आजारपणानंतर बाईचं माप काही महिन्यांत बदलतं. तिला अरुंद नेफ्याचा परकर शिवून देऊ नका. साधा नाडीचा, थोडा मोठा परकर द्या आणि "चार महिन्यांनी या, तेव्हा माप घेऊ" म्हणा. अशा वेळी चुण्या परवडल्या.

नाडी फार उपयोगाची वस्तू आहे. जेवण झाल्यावर कंबर इंचभर वाढते, तेवढं सांभाळायला ती आहे. बारा इंचांची चूक झाकायला ती नाही. तर या आठवड्यात माल भरायला निघण्याआधी कापडी टेप आणि एक वही घ्या. वहीत तीन रकाने आखा आणि पहिली दहा मापं घरातल्या आणि शेजारच्या बायकांची घ्या. मग ठोक दुकानात गेल्यावर दुकानदाराला सगळ्यात आधी विचारा: "भाऊ, नाडी सैल केल्यावर नेफा किती इंच, आणि चीर किती लांब?" तो पाकिटाकडे बघायला लागला तर पिशवीतून टेप काढा आणि तुम्हीच मोजा.